गेमिंग ॲपचे पैसे आले आन् खातं होल्ड झालं, तं ते उघडाचा अर्ज कसा करायचा

कापसाचे पैसे खात्यात पडले आन् काढायला गेलं तं बँकेतले म्हणतात सायबरचा होल्ड आहे, असं आपल्याकडं बऱ्याच पोरायसोबत होऊन राहिलं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सट्ट्याच्या ॲपवर जिंकलेले पैसे कंपनीच्या खात्यातून येत नाहीत, ते कोण्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात, आन् त्या खात्यात आधीच कोणाची तरी फसवणूक करून पैसे टाकलेले असतात. ज्याची फसवणूक झाली त्यानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा जिथं जिथं गेला तिथं तिथं होल्ड लागत जातो. दरवेळी वेगळ्याच नावावरून पैसे येत असतील तं ते ॲप तिथंच सोडा.

समजा आर्णीकडच्या एका पोराच्या खात्यात कापसाचे ६२,००० आहेत आन् ॲपमधून ३,५०० आले होते. त्यानं पहिलं काम बँकेतून लेखी माहिती घ्यायचं करावं: तक्रारीचा पावती नंबर, कोण्या राज्यातलं पोलिस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, आन् होल्ड किती रकमेवर. नुसतं तोंडी "सायबरवाल्यायले विचारा" सांगितलं तं लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोलिसांनी फक्त ३,५०० अडवायला सांगितले आन् बँकेनं पूर्ण खातंच बंद केलं, असंही होते. मग भांडण पोलिसांशी नाही, बँकेशी आहे. बँकेच्या तक्रार विभागाकडं लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तं cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येते.

पूर्ण खातं पोलिसांच्याच सांगण्यावरून बंद असेल तं अर्ज तपास अधिकाऱ्याकडं जाते. मागणी साधी ठेवा: वादातले ३,५०० राहू द्या, बाकी खातं मोकळं करा. सोबत आधार-पॅनची झेरॉक्स, बँकेचं होल्डचं पत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आन् त्यात ती एक एंट्री यूटीआर नंबरसकट पेनानं गोल केलेली, ॲपमधल्या विड्रॉलचा स्क्रीनशॉट, आन् बाकीचा पैसा कष्टाचा आहे हे दाखवाले बाजार समितीची हिशोबपट्टी नाही तं जिनिंगची काटापावती आन् सातबारा. हिशोबपट्टीवरची रक्कम आन् स्टेटमेंटमधली रक्कम जुळली पाहिजे, अडत-हमाली कापून आकडा वेगळा दिसत असेल तं त्याचा खुलासा एका ओळीत लिहून टाका.

आता खरी गोम. अर्जात बरेच जण लिहितात की रमी हा कौशल्याचा खेळ आहे म्हणून पैसे कायदेशीर आहेत. राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाले सूट आहे, आन् सुप्रीम कोर्टानं रमीत कौशल्य जास्त असं १९६७ मध्येच म्हटलं, हे खरं. पण २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला (२२ ऑगस्टले राष्ट्रपतींची सही झाली) त्यात पैसे लावून पैसे जिंकाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्ही एकाच बंदीत टाकले. शिक्षा खेळ चालवणाऱ्याले, जाहिरात करणाऱ्याले आन् पैशाचा व्यवहार पुरवणाऱ्याले आहे, नुसत्या खेळणाऱ्याले त्यात नाही. म्हणून कौशल्याचा मुद्दा अर्जात घालून काही हाती लागत नाही, आन् होल्ड तसाही खेळामुळं नाही, चोरीचा पैसा फिरत आल्यामुळं लागला.

पण क्रिकेटवर सट्टा लावला असेल तं जपून. राज्याच्या कायद्यात पैज लावणंही जुगारातच मोडते, आन् अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालेही त्यात शिक्षा आहे. असा अर्ज लिहायच्या आधी वकिलाले दाखवा. पैसे नसतील तं तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, एससी-एसटी आन् कमी उत्पन्नवाल्यायले वकील फुकट मिळतो. खोटं मात्र लिहू नका. "जुना मोबाइल विकला त्याचे आले" असं लिहिलं आन् समोरच्यानं फसवणूक झाल्याचं सांगितलं, तं जो निव्वळ साक्षीदार होता तो संशयित होतो.

आन् ज्यानं कमिशनसाठी पासबुक, एटीएम, सिम दुसऱ्याले देऊन ठेवलं, त्याच्यासाठी हा अर्ज नाहीच राजेहो. तिथं खातं भाड्यानं देणं हाच गुन्ह्यात भाग धरला जाते, त्यानं थेट वकील गाठावा.

अधिकारी उत्तरच देत नसेल तं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडं अर्ज होते. तो साधारण ज्या पोलिस ठाण्यानं होल्ड लावला त्याच्या हद्दीतल्या कोर्टात जाते, म्हणजे ठाणं परराज्यातलं असेल तं तिथला वकील लागते. ३,५०० साठी तेवढा खर्च परवडत नाही, पण ६२,००० अडकले असतील तं करावाच लागते. कोर्ट बहुतेक वेळा बाँड लिहून घेते की पुढं ती रक्कम दुसऱ्याची निघाली तं परत करीन. आदेशाची सर्टिफाइड कॉपी मिळाली की एक प्रत तपास अधिकाऱ्याले मेल करा आन् दुसरी शाखेत देऊन पोच घ्या, कारण बँक सहसा पोलिसांचं किंवा कोर्टाचं पत्र हाती आल्याबिगर होल्ड काढत नाही.