कोम्बुचा आणि गाजर-बिटाची कांजी: दोन्ही आंबट, पण धोका वेगवेगळ्या ठिकाणी

काचेच्या बरणीत आंबट, किंचित फसफसणारं, लालसर-तपकिरी पेय दिसलं की बरेच जण त्याला सरसकट ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. पण चहापासून होणारा कोम्बुचा आणि उत्तर भारतात होळीच्या सुमारास केली जाणारी काळ्या गाजराची किंवा बिटाची कांजी यांचं आंबणं मुळातच वेगळं आहे. एकाची काळजी दुसऱ्याला लावली तर चूक होते, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

कोम्बुचात साखर घातलेला चहा आंबवतात. एक लिटर पाण्याला साधारण ८० ग्रॅम साखर आणि तीन-चार चमचे चहापत्ती घ्यायची, उकळून गाळायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. मग त्यात स्कोबी म्हणजे ती जेलीसारखी चकती आणि आधीच्या कोम्बुचाचं आंबट पाणी घालायचं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतात आणि अ‍ॅसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून बरणीचं तोंड घट्ट विणीच्या कापडाने बांधतात. आठवडा-दोन आठवड्यांत पेय तयार होतं.

कांजीत उकळलेलं काही नसतं. कच्चं गाजर, कच्चं बीट, वाटलेली मोहरी, मीठ आणि पाणी, एवढंच. विरजणही नसतं. भाजीवर जे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू असतात, तेच काम करतात. त्यांना हवेची गरज नसते, उलट भाजी पाण्याखाली बुडालेली हवी.

धोक्याची जागा इथेच बदलते. कोम्बुचात संरक्षण करणारं आम्ल पहिल्या दिवसापासून असावं लागतं, आणि ते येतं त्या जुन्या आंबट पाण्यातून. गोड, कोमट चहा बुरशीला फार आवडतो. म्हणून एक लिटरला किमान १०० मिलि आंबट पाणी घालायचं आणि सुरुवातीलाच पीएच, म्हणजे आम्ल जितकं जास्त तितका कमी होणारा आकडा, ४.२ च्या खाली आलेला पट्टीवर पाहायचा. कुणी नुसती चकती आणि दोन चमचे पाणी पिशवीत घालून देतं, तेव्हा पीएच ५ च्या आसपास राहतो आणि काही दिवसांत वर बुरशी येते. चकती चांगली जाड होती, तरी असं का झालं, असा प्रश्न पडतो. खरी राखण चकती करत नाही, ते पाणी करतं.

कांजीत पहिल्या दिवशी आम्ल जवळपास नसतंच. ते तयार होईपर्यंत मीठ पहारा देतं. पाककृतीत ‘दोन लिटर पाण्याला दोन चमचे मीठ’ असं लिहिलेलं आढळतं. हिशोब करून बघा: दोन लिटर पाणी आणि ४०० ग्रॅम भाजी मिळून वजन २४०० ग्रॅम. सपाट दोन चमचे मीठ साधारण १२ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का. हे फार कमी आहे. दोन ते अडीच टक्के धरले तर ४८ ते ६० ग्रॅम मीठ लागतं, आणि ते चमच्याने न मोजता काट्यावर मोजावं. मीठ कमी पडलं की लॅक्टिक जिवाणू जोम धरण्याआधी मातीतून आलेले नको असलेले जिवाणू वाढू शकतात. गाजर-बीट जमिनीखालची मुळं आहेत. ती ब्रशने घासून धुवायची आणि वरचा भाग सोलून टाकायचा. पीएच ४.६ च्या वर असेपर्यंत कांजी चाखायलाही घेऊ नये. ४.६ ही बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला रोखणारी मर्यादा आहे. मी स्वतः ४ च्या खाली उतरल्याशिवाय पेला भरत नाही. मोहरीच्या तिखटपणामुळे जीभ फसते, म्हणून चवीवर भरवसा नको.

वर साय आली की गोंधळ होतो. कोम्बुचावर तयार होणारी नवी चकती ओलसर, गुळगुळीत, फिकट असते. बुरशी मात्र कोरडी आणि केसाळ दिसते, हिरवे, काळे किंवा पांढरे ठिपके पडतात. कांजीवर बारीक सुरकुत्यांची पांढरी पातळ साय येते, ती बहुधा यीस्टची. ती विषारी नसते, पण आम्ल खाते आणि पीएच पुन्हा वर चढवते, म्हणून ती दिसली की पट्टीने तपासायचंच. केसाळ बुरशी कुठल्याही बरणीत आली तर सगळं टाकून द्यायचं, कोम्बुचात चकतीसुद्धा. वरचा भाग काढून खालचं वापरायचं नाही. बुरशीचं विष पाण्यात उतरलेलं असू शकतं आणि उकळूनही ते खात्रीने जात नाही.

एक गोष्ट आपल्या घरांत खास सांगायला हवी. लोणच्याची जुनी रंगीत चिनीमातीची बरणी कोम्बुचाला वापरू नका. चकाकीच्या लेपात शिसं असेल तर आम्ल ते ओढून घेतं. ऑस्ट्रेलियात चिनीमातीच्या भांड्यात केलेला कोम्बुचा दीर्घकाळ पिणाऱ्यांना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. साधी काचेची बरणी घ्या.

आता गरोदरपण. दोन्ही पेयं टाळावीत हेच उत्तर, पण कारणं वेगळी आहेत. घरच्या कोम्बुचात अल्कोहोल असतंच. बाटलीत बंद करून फळासोबत पुन्हा आंबवलं तर ते एक टक्क्याच्या वरही जाऊ शकतं, आणि घरी ते मोजता येत नाही. गरोदरपणात अल्कोहोलची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. शिवाय चहाचं कॅफिन असतं. कांजीत चिंता लिस्टेरिया या जिवाणूची. तो कच्च्या भाजीवरून येतो, मिठाला फारशी दाद देत नाही आणि फ्रिजच्या थंडीतही वाढतो. नीट आंबलेल्या कांजीत त्याची वाढ थांबते, पण अर्धवट आंबलेली कांजी फ्रिजमध्ये ठेवली तर थंडी त्याला अडवत नाही. आईला बहुतेकदा नुसता ताप आणि अंगदुखी होते, बाळ मात्र दगावू शकतं. रक्तदाब वाढलेला असेल तर कांजीतलं मीठही त्रासाचं.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेले, जास्त मात्रेत स्टिरॉइड घेणारे यांच्यासाठी प्रश्न फक्त बाहेरून शिरलेल्या जंतूंचा नाही. पेयातले ‘चांगले’ जिवाणू आणि यीस्टसुद्धा अशा शरीरात रक्तात उतरू शकतात, शिरेत नळी असेल तर अधिकच. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आम्लाचा भार सोसत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रोज कोम्बुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातली आम्लता धोकादायक वाढली, त्यांतली एक वाचली नाही. कोम्बुचाच कारण होता हे सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून डॉक्टर आजारी माणसांना सावध करतात.

‘थोडंसं उकळून देऊ का?’ असं आजी-आत्या विचारतात. कांजी खळखळून उकळली तर लिस्टेरिया मरतो, मीठ मात्र तेवढंच राहतं. ज्या जिवंत जिवाणूंसाठी ती प्यायची होती, तेही उरत नाहीत. मग ती करण्यात काय राहिलं?

आणि गरोदर बाईने नकळत असं काही प्यायलं असेल, तर घाबरून जाऊ नये, पण ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. लिस्टेरियाची लक्षणं दिसायला दोन महिन्यांहून अधिक काळही लागू शकतो, त्यामुळे गेल्या महिन्यात प्यायलेली कांजीही सांगण्याजोगी असते.