कढीपत्ता आणि सुकी लाल मिरची कुरकुरीत तळताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून ताजा कढीपत्ता आणि सुकी मिरची नेणाऱ्या ग्राहकांकडून दोन तक्रारी सतत येतात. तळलेली पाने थोड्याच वेळात मऊ पडतात, आणि मिरची बघता बघता काळी होते. माल चांगला असूनही असे होते, कारण बहुतेक घरी दोन्ही जिन्नस एकाच वेळी, एकाच तेलात पडतात. फोडणीत ते चालून जाते. पदार्थावर वरून घालायला कुरकुरीत पाने आणि मिरच्या हव्या असतील, तर मात्र दोघांना वेगवेगळे तळावे लागते. आमचे सांगणे एवढेच आहे की पाने आधी, जास्त गरम तेलात. मिरची नंतर, निवत चाललेल्या तेलात.

असे का?

कढीपत्त्याच्या ताज्या पानात त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असते. पान तळायचे म्हणजे हे पाणी वाफ करून बाहेर घालवायचे. ते झपाट्याने गेले तर पान हिरवे असतानाच कडक होते. तेल कोमट असेल तर पाणी रेंगाळत निघते, तोवर पानाचा रंग शेवाळी होतो, वास उडून जातो आणि पान तेल पिऊन बसते.

सुक्या मिरचीत घालवायला पाणी फारसे उरलेलेच नसते. पान तेलात असेपर्यंत त्यातले पाणी उकळत राहते आणि पानाला करपण्यापासून वाचवते. मिरचीला तशी ढाल नाही. तेलाची उष्णता थेट सालीला लागते. सालीत साखर आणि रंगद्रव्ये असल्यामुळे ती काही सेकंदांत लालवरून तपकिरी आणि तिथून काळी होते. म्हणून पानाला जे तेल अगदी योग्य, ते मिरचीला जास्त होते.

पाने आधी तळण्याला आणखी एक कारण आहे. मिरची आधी तळली की तिच्या सुटलेल्या बिया तेलाच्या तळाशी जाऊन जळतात, आणि तो कडवटपणा मागून येणाऱ्या पानांना लागतो.

तळण्याआधी

पाने डहाळीवरून काढून धुवा, आणि मग पूर्ण कोरडी करा. या कामात घाई परवडत नाही. स्वच्छ सुती कापडावर एकेक पान सुटे पसरून पंख्याखाली तासभर ठेवले की पुरते. देठाच्या खाचेत पाणी अडकून राहते, तिथे कापडाने टिपून घ्या. पानावरचा एक थेंबसुद्धा तेलात पडला की उडतो आणि हातावर येतो. गडद हिरवी, जून पाने निवडा. कोवळी पोपटी पाने तळल्यावर आक्रसतात आणि लवकर जळतात. ती फोडणीला ठेवा.

मिरची कोरडी आहे का हे कानाने कळते. कानाजवळ धरून हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत, आणि वाकवली की टचकन मोडली पाहिजे. रबरासारखी वाकत असेल तर तिने हवेतला ओलावा घेतला आहे, आणि अशी मिरची कितीही नीट तळली तरी चिवटच राहते. तिला कडक उन्हात दोन-तीन तास ठेवा. ऊन नसेल तर अगदी मंद आचेवरच्या कोरड्या तव्यावर हलवत राहा; हाताला गरम लागली की उतरवा, आणि निवल्यावर पुन्हा मोडून पाहा. मिरची ओल्या फडक्याने पुसायची असेल तर ती वाळवण्याआधी पुसा, नंतर नाही. देठ तसाच राहू द्या, तो धरायला सोयीचा असतो आणि बियाही आत राहतात. मात्र अख्ख्या मिरचीला सुरीच्या टोकाने एक बारीक चीर द्या, म्हणजे आतली हवा गरम होऊन फुगली तरी तिला वाट मिळते.

तेल किती आणि किती गरम

४० पाने आणि ८ मिरच्या तळायच्या आहेत असे धरू. लहान, खोलगट कढईत २०० मिलिलिटर रिफाइंड शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घ्या. कढई एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, कारण पाने पडताच तेल फेसाळून वर येते. तेल याहून कमी घेतले तर पाने पडल्याबरोबर ते गार होते. फोडणीच्या पळीत दोन चमचे तेलात पाने तळली की ती मऊ का पडतात, त्याचे कारण हेच.

तेल मध्यम आचेवर १७० अंश सेल्सिअसपर्यंत आणा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर एक पान सोडून बघा. ते तळाशी जाऊन संथ बुडबुडे आले तर अजून थांबा. टाकताच जोरात तडतडून भोवती दाट फेस झाला आणि पान हिरवेच राहिले, तर तेल तयार आहे. पाच सेकंदांच्या आत पानाची कड तपकिरी झाली तर तेल जास्त तापले आहे. गॅस बंद करून मिनिटभर थांबा. तेलातून धूर निघू लागला असेल तर त्यात काहीच टाकू नका.

पाने: २० ते ३० सेकंद

एका वेळी २० पानेच घ्या. झाऱ्यात घेऊन तेलाच्या अगदी जवळून सोडा, वरून टाकू नका, आणि लगेच हात मागे घ्या. दुसऱ्या हातात झाकण ढालीसारखे तिरपे धरा. कढईवर ते ठेवू नका, कारण वाफ झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि तेच थेंब परत तेलात पडून आणखी उडतात.

पहिली पाच-सात सेकंदे आवाज मोठा असतो. मग झाऱ्याने पाने एकदा हलकेच उलटीपालटी करा. पंधराव्या सेकंदाच्या आसपास तडतड बारीक होते, फेस विरळ होतो आणि पाने काचेसारखी थोडी पारदर्शक, गडद हिरवी दिसू लागतात. घड्याळापेक्षा या क्षणी बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. बुडबुडे म्हणजे पानातून निघणारी वाफ. ते जवळजवळ थांबले म्हणजे पाणी संपले, आणि पानाची ढालही संपली. तिथून पाच सेकंदांत पान तपकिरी होते. बहुतेक पाने २० ते ३० सेकंदांत होतात. जाड पानांना थोडा जास्त वेळ लागतो. बुडबुडे चालू असताना काढलेले पान ताटात आल्यावर कुरकुरीत वाटेल, पण शिरेत उरलेले पाणी पसरून ते दहा मिनिटांत मऊ पडेल.

पहिली खेप काढल्यावर तेल पुन्हा तापायला अर्धा मिनिट द्या आणि मग उरलेली २० पाने सोडा.

मिरची: १० ते २० सेकंद, गॅस बंद करून

दुसरी खेप निघाली की गॅस बंद करा. तेलात पानाचे तुकडे राहिले असतील तर बारीक झाऱ्याने काढून टाका. तेल १५० अंशांच्या आसपास उतरायला दोन-तीन मिनिटे लागतात. जाड बुडाच्या कढईला जास्त. पाहायचे असेल तर मिरचीचा एक लहान तुकडा सोडा. दोन-तीन सेकंदांत तो काळपट झाला तर थांबा. भोवती बारीक बुडबुडे येऊन रंग हळूहळू गडद होत असेल तर आठही मिरच्या एकदम सोडा आणि झाऱ्याने सतत फिरवत राहा, म्हणजे एकच बाजू तळाला टेकून राहणार नाही.

पातळ, सुरकुतलेल्या सालीची मिरची १० ते १२ सेकंदांत फुगते आणि तकाकते. जाड, गुळगुळीत सालीच्या मिरचीला २० सेकंदांपर्यंत लागू शकतात. मूळ रंगापेक्षा एक छटा गडद झाली की लगेच बाहेर काढा. तुम्हाला हवा तो रंग तेलात दिसला, तर तुम्ही उशीर केला आहे, कारण मिरची स्वतःच्या उष्णतेने बाहेर आल्यावरही आणखी एक छटा गडद होते. तेलातून काढताना ती थोडी मऊ लागते. कडक होते निवल्यावर. मऊ लागली म्हणून परत तेलात टाकणे, हेच बहुतेक काळ्या मिरच्यांचे मूळ असते.

खोकला आणू लागणारा ठसका घरभर पसरला तर मिरची करपायला लागली आहे असे समजा. खिडकी आधीच उघडी ठेवा. काळी पडलेली मिरची कडू होते, आणि तो कडूपणा तेलातही उतरतो. अशा वेळी मिरची आणि तेल दोन्ही वापरू नका.

निथळणे

इथे पहिली काही सेकंदे सर्वांत मोलाची आहेत. तळताना आतून बाहेर येणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. जिन्नस बाहेर काढला की वाफ थंड होऊन आत पोकळी होते, आणि पृष्ठभागावर राहिलेले तेल ती आत ओढून घेते. म्हणून झारा कढईवरच चार-पाच सेकंद तिरपा धरा आणि दोन-तीन वेळा हलका झटका द्या. तेल गरम असेतो पातळ असते, लगेच गळते. नंतर कितीही टिपले तरी आत गेलेले तेल निघत नाही.

मग पाने तारेच्या जाळीवर किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीवर एका थरात पसरा. ढीग केला तर खालच्या पानांची वाफ वरच्या पानांना मऊ करते. जाळी नसेल तर स्वयंपाकाचा टिपकागद घ्या, पण मिनिटभरात पाने कोरड्या कागदावर हलवा, कारण तेलाने भिजलेल्या कागदावर पाने तेलातच पडून राहतात. वर्तमानपत्राचा कागद वापरू नका. गरम तेलाने त्याची शाई सुटते. मीठ घालायचे असेल तर याच वेळी, पाने गरम असताना, अगदी बारीक करून भुरभुरवा.

ठेवणे आणि वापरणे

दोन्ही जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. हाताला जरा जरी कोमट लागले तरी थांबा. घट्ट झाकणाच्या, कोरड्या काचेच्या बरणीत, पाने आणि मिरच्या वेगवेगळ्या ठेवल्या तर चार-पाच दिवस चांगल्या राहतात. दमट हवेत याहून लवकर नरमतात. नरमलेली पाने पुन्हा तळू नका, ती करपतील. कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर फिरवली की बरीचशी परत कडक होतात.

वाफाळत्या पदार्थावर ही पाने मिनिटा-दोन मिनिटांत ओलावा घेतात. म्हणून ताट वाढून झाल्यावर, अगदी शेवटी घाला, आणि पातळ पदार्थात बुडवण्याऐवजी वर ठेवा. लहान मुलांच्या ताटात अख्खी मिरची जाणार नाही हे पाहा.

उरलेल्या तेलाला कढीपत्त्याचा वास आणि मिरचीचा हलका रंग आलेला असतो. ते गार झाल्यावर बारीक गाळणीने गाळून झाकून ठेवा आणि आठवड्याच्या आत फोडणीला वापरून संपवा.