बहुविध तुलनांची समस्या (सर्वेक्षणांतील)

एकाच सर्वेक्षणातले अनेक प्रश्न दोन गटांमध्ये एकेक करून ताडून पाहिले, की निव्वळ योगायोगाने पडलेले काही फरकही 'सार्थक' ठरतात. संख्याशास्त्रात याला बहुविध तुलनांची समस्या म्हणतात. चूक कुठल्या एका चाचणीत नसते, चाचण्यांच्या संख्येत असते.

समजा, एका वसतिगृहातल्या २०० मुलगे आणि २०० मुलींना ४० प्रश्न विचारले: झोप किती, मेसचे जेवण कसे, अभ्यासिका पुरते का, वगैरे. प्रत्येक प्रश्नावर मुलगे-मुलींच्या उत्तरांची तुलना करून पी-मूल्य काढले. दोन्ही गटांत खरोखर काहीच फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. ते ०.०५ पेक्षा कमी असेल तर फरक सार्थक मानायचा, हा रूढ संकेत. म्हणजे फरक नसलेल्या दर वीस प्रश्नांमागे सरासरी एक प्रश्न खोटा इशारा देणार, हे आपण आधीच कबूल केलेले असते. चाळीस प्रश्नांत असे दोन. प्रश्न परस्परांपासून स्वतंत्र असतील तर किमान एक तरी खोटा इशारा मिळण्याची शक्यता `1 - 0.95^40`, म्हणजे सुमारे ८७ टक्के. एक्सेलमध्ये पी-मूल्यांचा रकाना करून ०.०५ खालचे चौकोन पिवळे केले, की काहीतरी पिवळे होणारच.

आपल्या उदाहरणात सात चौकोन पिवळे झाले असे धरू: ०.०००४, ०.००११, ०.००३१, ०.००९, ०.०२१, ०.०३४ आणि ०.०४७. योगायोगाने दोनच अपेक्षित होते, तेव्हा यांत काही खरे असण्याची आशा आहे. पण कोणते?

एक जुना उपाय बोन्फेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो: ०.०५ ला प्रश्नांच्या संख्येने भागायचे. ०.०५ ÷ ४० = ०.००१२५, म्हणून पहिले दोनच फरक टिकतात. या उपायाने चाळीसांत एक तरी खोटा इशारा मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत राहते, पण खरे छोटे फरकही त्यात गळतात. होम यांनी १९७९ मध्ये सुचवलेली पायऱ्यापायऱ्यांची पद्धत हीच हमी देते आणि बोन्फेरोनीपेक्षा कधीच जास्त कडक नसते. मग लोक अजून बोन्फेरोनीच का वापरतात? भागाकार तोंडी होतो म्हणून, दुसरे सबळ कारण दिसत नाही.

बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये प्रश्नच बदलला. एकही चूक नको असा हट्ट सोडून, 'सार्थक' ठरवलेल्यांपैकी खोट्यांचे प्रमाण सरासरी ५ टक्क्यांच्या आत ठेवायचे. पी-मूल्ये चढत्या क्रमाने लावायची आणि क्रमांक × ०.०५ ÷ ४० या मर्यादेशी ताडायची. तिसऱ्या क्रमांकाची मर्यादा ०.००३७५, तिथे ०.००३१ बसते. चौथ्याची ०.००५, तिथे ०.००९ बसत नाही, आणि पुढचेही कोणी बसत नाही. म्हणून तीन फरक टिकतात. आर भाषेत हे काम एका ओळीचे आहे:

```
p.adjust(p, method = "BH")
```

`p` मध्ये चाळीसही मूल्ये द्यावी लागतात. फक्त पिवळी सात दिली तर भागाकार सातानेच होतो आणि सातही जण उत्तीर्ण होतात. अहवालांत ही चूक सहज लपते.

सर्वेक्षणाचे प्रश्न सहसा स्वतंत्र नसतात. मेसवर नाराज असलेला विद्यार्थी भाजी, पोळी, वेळ या तिन्हींना कमीच गुण देतो. अशा वेळी खोटे इशारे सरासरी दोनच राहतात, पण घोळक्याने येतात: बहुतेकदा एकही नाही आणि कधीतरी एकदम सहा. 'तीन प्रश्न एकाच दिशेला बोट दाखवतात' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा. त्यावर चांगला उपाय म्हणजे अदलाबदलीची चाचणी. प्रत्येक विद्यार्थ्याची चाळीस उत्तरे एकत्र तशीच ठेवून 'मुलगा', 'मुलगी' ही लेबले पिसायची, चाळीस पी-मूल्ये पुन्हा काढायची आणि त्यांतले सर्वांत लहान टिपून ठेवायचे. हे पाच हजार वेळा केले की त्या लहान मूल्यांतली खालची ५ टक्के जिथे संपतात, तीच या सर्वेक्षणाची खरी मर्यादा. उत्तरे एकमेकांत जितकी गुंतलेली, तितकी ती ०.००१२५ पेक्षा सैल निघते.

खरी अडचण मोजणीत येते. हेच चाळीस प्रश्न मुलगे-मुली, पहिले-शेवटचे वर्ष आणि शहरी-ग्रामीण अशा तीन प्रकारे तपासले तर चाचण्या १२० होतात, अहवालात एकच तक्ता छापला तरीही. गट पाडण्यातून काय निघू शकते हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या वैद्यकीय चाचणीने मुद्दाम दाखवले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिनचा फायदा एकूणात स्पष्ट होता, पण रुग्णांची राशीवार विभागणी केल्यावर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना तो झालेला दिसेना.

०.०३४ वाला प्रश्न, समजा मेसच्या तिखटाचा, म्हणून लगेच टाकून द्यायचा नसतो. पुढच्या वर्षी नव्या ४०० विद्यार्थ्यांना विचारताना तुलना फक्त त्याचीच करायची असे आधी लिहून ठेवले, तर तेव्हा मर्यादा पूर्ण ०.०५ ची.