जोडपानी कोष्टकाची जुळवणी

उघड्या पुस्तकाच्या डाव्या पानावर सुरू होऊन समोरच्या उजव्या पानावर संपणाऱ्या कोष्टकाला जोडपानी कोष्टक म्हणतात. अशा पुस्तकाच्या फोटोत मधोमध शिवणीची काळी पट्टी येते. दोन्ही बाजूंचे रकाने ओळीला ओळ लावून त्यांतून एकच सलग तक्ता बनवणे म्हणजे ही जुळवणी. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या जनगणना पुस्तिकांवर काम करणाऱ्यांना ती वारंवार करावी लागते. वाशी, तुर्भे, घणसोली ही आज नवी मुंबईत असलेली गावे १९६१ साली ठाणे तालुक्यातली गावे म्हणून नोंदली गेली. गावाचे नाव एका पानावर आणि कामकऱ्यांचे आकडे शेजारच्या पानावर असले, तर कोणता आकडा कोणत्या गावाचा हे शिवण ओलांडूनच ठरते.

पॅनोरमा जोडणारे सॉफ्टवेअर इथे निरुपयोगी ठरते. ते दोन फोटोंमधला समान भाग शोधते, आणि डाव्या-उजव्या पानांत समान असे काहीच छापलेले नसते. म्हणून फोटो शिवणीवर कापून प्रत्येक पान वेगळे सरळ करतात आणि मग ओळींची उंची जुळवतात.

चूक बहुधा या उंचीतच होते. समजा, पुस्तिकेत ३२ गावे आणि खाली एकूण अशा समान उंचीच्या ३३ ओळी आहेत. डाव्या पानावर मथळ्याखालची रेघ फोटोच्या वरच्या कडेपासून ३१० पिक्सेलवर आणि तळाची २९५० वर आहे, म्हणजे एक ओळ ८० पिक्सेलची. उजवे पान कॅमेऱ्यापासून जरा लांब पडल्याने तिथल्या रेघा ३६२ आणि २९४२ वर आहेत, म्हणजे ओळ सुमारे ७८ पिक्सेलची. आता पाने आहेत तशी शेजारी ठेवली, तर उजवीकडच्या पहिल्या ओळीचा मध्य ४०१ वर येतो. डावीकडे पहिल्या ओळीचा मध्य ३५० वर आणि दुसरीचा ४३० वर असल्याने पहिल्या गावाचे आकडे दुसऱ्या गावाला चिकटतात. खाली जाताना हा फरक कमी होत जातो आणि आठव्या ओळीपासून जुळणी आपोआप बरोबर होते. परिणामी पहिले गाव रिकामे राहते आणि आठव्याच्या वाट्याला दोन ओळी येतात. दोन्ही रेघा धरून उजवीकडची उंची y′ डावीकडच्या मापात आणली की हा घोळ मिटतो:

```
y = 310 + (y′ − 362) × 2640 / 2580
```

४०१ चे उत्तर ३५० येते. पान सपाट असेल तेवढेच हे सूत्र खरे. शिवणीकडे पान खोल वळते, पावसाळ्यात दमट झालेला कागद मध्येच फुगतो. अशा वेळी मधल्या एक-दोन ओळी हाताने जुळवून तुकड्यातुकड्याने मोजावे लागते.

रकान्याच्या तळाची बेरीज जुळली म्हणजे काम बरोबर, असा समज आहे. तो फसवा आहे. वरच्या उदाहरणात एकही आकडा हरवलेला नाही, फक्त तो भलत्या गावावर गेला आहे, त्यामुळे बेरीज जुळतेच. पारख हवी ती शिवण ओलांडणाऱ्या नात्याची. डावीकडे एकूण लोकसंख्या आणि उजवीकडे काम करणारे व काम न करणारे असे रकाने असतील, तर प्रत्येक ओळीत शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याइतकी यायला हवी. पहिल्या गावाचे ४१२ आणि २१८ अधिक १९४ हे जुळते. तीच उजवी ओळ ३५७ वस्तीच्या दुसऱ्या गावासमोर बसली की चूक लगेच उघडी पडते. सलग काही ओळी चुकल्या तर ओळ घसरली असे धरावे. एकटीच चुकली तर एखादा अंक चुकीचा वाचला गेला असावा.

बेचिराख गावांची घसरण वेगळी. त्यांच्यासमोर उजवे पान कोरे असते. अक्षरवाचक प्रणाली ती कोरी ओळ गाळते आणि तिथून खालची प्रत्येक ओळ एकेक घर वर सरकते. म्हणून ओळी मोजून लावू नयेत, उंचीने लावाव्यात. उजव्या पानाच्या कडेला अनुक्रमांक पुन्हा छापला असेल तर त्याहून भक्कम आधार नाही.

काळ्या पट्टीचे दोन प्रकार असतात. नुसती सावली असेल तर प्रत्येक ठिकाणचा उजेड आसपासच्या कोऱ्या कागदाच्या उजेडाने भागून अंक वर काढता येतात. पण बांधणीने अंकच गिळला असेल किंवा फोटोत तो भाग निव्वळ काळा झाला असेल, तर कोणतीही प्रक्रिया तो परत आणत नाही. शिवणीलगतचे अंक तिरके दिसून अरुंदही होतात, आणि ३ व ८ मध्ये गल्लत होते. उरलेल्या आकड्यांवरून असा अंक काढता येतो, पण तो छापलेला नसून काढलेला आहे अशी खूण त्या घरात ठेवावी लागते. शिवाय त्या ओळीची पारख मग त्याच बेरजेने करता येत नाही. पुस्तक अजून हाताशी असेल तर फोटो पुन्हा काढणे सोपे. दिवा बाजूला न ठेवता पुस्तकाच्या डोक्याकडे ठेवला की उजेड शिवणीच्या लांबीने आत शिरतो, आणि प्रत्येक पानाचा फोटो वेगळा, कॅमेरा त्या पानाला समांतर धरून घ्यावा.