सहा जणांना माहीत, पण मीटिंगला नाही

आंबिया बहाराची संत्री निघायच्या आधी नागपुरातल्या एका पॅकहाउसमध्ये ट्रान्सपोर्टवाला ठरवायला सहा जण बसले. पाऊण तास फक्त भाड्यावर बोलणं झालं आणि सर्वांत स्वस्त गाडीवाला ठरला. त्याच्या गाड्या रात्रभर वाटेत उभ्या राहतात हे सुपरवायझरला माहीत होतं. खराब क्रेटची भरपाई तो देत नाही हे हिशेबनीसाला माहीत होतं. दोघंही बोलले नाहीत, कारण एकट्याने सांगावी एवढी मोठी ती गोष्ट कुणालाच वाटली नाही. भाडं मात्र सहाही जणांना ठाऊक होतं.

स्टॅसर आणि टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली नेमकं हेच तपासलं. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना तीन उमेदवारांतून एक निवडायचा होता. सगळी माहिती सगळ्यांना दिली, तेव्हा बहुतेक गटांनी सरस उमेदवार निवडला. तीच माहिती चौघांत विभागून दिली, तेव्हा तो निवडणारे गट चौथ्या हिश्शाहूनही कमी निघाले. सगळ्यांना ठाऊक असलेला मुद्दा कुणीही काढू शकतो, आणि एकदा निघाला की बाकीचे मान डोलावतात. एकट्याकडे असलेली माहिती मात्र त्याने स्वतः काढली तरच बाहेर येते.

म्हणून अजेंड्यावर ‘ट्रान्सपोर्ट’ एवढंच लिहू नये. ‘तिघांपैकी कोणाची गाडी घ्यायची?’ असा प्रश्न लिहावा आणि तो आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवावा. अशा एका प्रश्नाला 25 मिनिटं पुरतात. पहिली 2 मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून, इतरांना माहीत नसेल असं काही आपल्याकडे आहे का, ते लिहायचं. पुढची 6 मिनिटं प्रत्येकी एक मिनिट वाचून दाखवायला. मालकाने शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे त्याच्याच सुरात बोलतात, मग फेरी घेऊन उपयोग नाही. नंतर 12 मिनिटं चर्चा. घड्याळ दुसऱ्याकडे द्यावं, कारण मीटिंग चालवणारा बोलण्यात गुंतला की वेळेचं भान सुटतं. मध्येच क्रेटच्या भावाचा विषय निघाला तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून पुढे जायचं.

शेवटची 5 मिनिटं कोण काय करणार ते वहीत लिहायला. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची, आणि घाईत नेमकी तीच कापली जातात. ‘गाडीवाल्याशी बोलून घेऊ’ ही नोंद कुणाचीच नसते. गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत काम केव्हा आणि कुठे करणार हे आधी ठरवणाऱ्यांपैकी, न ठरवणाऱ्यांच्या तुलनेत, कितीतरी जास्त जणांनी ते खरोखर पूर्ण केलं. त्यामुळे नोंद वहीत अशी हवी: ‘सुपरवायझरभाऊ, बुधवारी सकाळी 11 वाजता कळमन्यात गाडीवाल्याला भेटून भरपाईची अट लेखी घेतील, गुरुवारच्या मीटिंगला कागद आणतील.’ ही ओळ मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, ‘भाऊ, जमेल नं बुधवारी?’ भाऊ अडखळले तर दिवस तिथंच बदलायचा.

फक्त कळवायचंच असेल, ठरवायचं काहीच नसेल, तर माणसं जमवू नयेत. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाकावा.