भागीदाराची निवृत्ती, लाभ प्रमाण आणि जाणाऱ्याचा हिशोब

फर्ममधला एक पार्टनर बाहेर पडतो आणि बाकीचे तोच धंदा पुढे चालवतात, याला भागीदाराची निवृत्ती म्हणतात. वयाचा इथे काही संबंध नाही, पस्तिशीतला माणूसही निवृत्त होतो. भारतात हे १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३२ खाली येतं आणि मार्ग तीनच: सगळ्या पार्टनरांची संमती, भागीदारीच्या करारात, म्हणजे डीडमध्ये, आधीच लिहिलेली अट, किंवा मुदत न ठरलेली मर्जीची भागीदारी असेल तर बाकीच्यांना लेखी नोटीस.

त्याआधी भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातच एका प्रकरणात होते, ते काढून १९३२ चा वेगळा कायदा झाला आणि त्याची बरीच कलमं १८९० च्या इंग्लिश कायद्याच्या वळणाने गेलेली दिसतात. जाणाऱ्याचा हिस्सा उरलेल्यांकडे कसा गेला ते सांगणारं लाभ प्रमाण, म्हणजे गेन रेशो, ही कल्पना मात्र या कायद्यात कुठेच नाही, ती जमाखर्च लिहिणाऱ्यांच्या व्यवहारातून आलेली दिसते. म्हणून वाद कोर्टात गेला तर नुसतं 'गेन रेशो असा होता' म्हणून भागत नाही, डीडमध्ये किंवा निवृत्तीच्या करारात काय लिहिलंय ते आधी बघितलं जातं.

लाभ प्रमाण म्हणजे जाणाऱ्याचा नफ्यातला हिस्सा उरलेल्यांमध्ये कोणाकडे किती गेला ते. सूत्र सोपं आहे, प्रत्येकाच्या नव्या हिश्श्यातून जुना हिस्सा वजा करायचा. समजा अनिल, बापू आणि चारू ३:२:१ ने नफा वाटतात आणि बापू निघतो. काहीच ठरलं नाही तर अनिल-चारू आपोआप ३:१ वर येतात आणि लाभ प्रमाणही ३:१ च. पण दोघांनी ठरवलं की आता ३:२, तर अनिलचा हिस्सा ३/६ वरून ३/५ होतो म्हणजे ३/३० वाढतो, चारूचा १/६ वरून २/५ म्हणजे ७/३० वाढतो, लाभ प्रमाण ३:७. बेरीज १०/३०, म्हणजे बापूचे २/६ बरोब्बर. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जायचंच नाही, कुठेतरी अपूर्णांक चुकलाय. आणि कधीकधी उत्तर उणे येतं, चारूला ३/५ आणि अनिलला २/५ ठरलं तर अनिलचेच ३/३० कमी होतात, मग चारूने बापूबरोबर अनिललाही भरपाई द्यायची. हे बरेच जण विसरतात.

हा रेशो लागतो तो मुख्यतः गुडविलसाठी, म्हणजे फर्मच्या नावलौकिकाच्या किमतीसाठी. फर्मचं नाव सगळ्यांनी मिळून कमावलेलं, बापू त्यातला आपला वाटा सोडतो तर ज्यांच्याकडे तो जातो त्यांनीच त्याची किंमत द्यावी, इतकाच विचार. मागच्या तीन वर्षांचा नफा २,४०,०००, ३,००,००० आणि ३,६०,००० असेल तर सरासरी ३,००,०००, त्याची दुप्पट धरली तर गुडविल ६,००,००० आणि बापूचा वाटा २,००,०००. नोंद अशी: अनिलचं भांडवल खातं ६०,००० नावे, चारूचं १,४०,००० नावे, बापूचं २,००,००० जमा. हीच रक्कम सवयीने नव्या ३:२ प्रमाणात टाकली तर अनिलच्या माथी १,२०,००० पडतात, म्हणजे ६०,००० विनाकारण जास्त, आणि ताळेबंद तरीही जुळतो त्यामुळे चूक लपून राहते. पूर्वी गुडविल पुस्तकात चढवून मग काढून टाकायची पद्धत होती. पण अकौंटिंग स्टँडर्ड २६ प्रमाणे स्वतःच निर्माण केलेली गुडविल मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे थेट भांडवल खात्यांतून फिरवणंच बरं. पुस्तकात आधीपासून गुडविल पडलेली असेल तर ती आधी जुन्या ३:२:१ ने सगळ्यांच्या, म्हणजे बापूच्याही, नावे टाकून संपवायची.

राखीव निधी, मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन अशा बाकीच्या सगळ्या गोष्टी जुन्या प्रमाणात वाटायच्या, कारण त्या बापू असतानाच्या आहेत. खरं भांडण होतं ते पुनर्मूल्यांकनात. पुस्तकात दुकानाचा गाळा वीस वर्षांपूर्वीच्या भावाने असतो आणि उरलेले पार्टनर 'भाव वाढलाय पण आपण विकतोय कुठे' म्हणतात, जाणारा मात्र आजच्या भावावर अडून बसतो. डीडमध्ये मूल्यांकन कोण करणार हे लिहिलेलं नसेल तर वाद इथेच रेंगाळतो. आपल्या उदाहरणात गाळा १,५०,००० ने वाढला, माल २०,००० ने घटला आणि बुडीत उधारीसाठी १०,००० राखले, निव्वळ फायदा १,२०,०००, बापूचे ४०,०००.

आता सगळं एकत्र. बापूचं भांडवल ५,००,०००, १,८०,००० च्या राखीव निधीतले ६०,०००, पुनर्मूल्यांकनाचे ४०,०००, गुडविलचे २,००,०००. तो जूनअखेर निघाला आणि हिशोब मार्चअखेरचे आहेत, म्हणून गेल्या वर्षाच्या ३,६०,००० नफ्यावरून तीन महिन्यांचे ९०,००० अंदाजे धरले, त्याचे ३०,०००. त्यातून मधल्या काळात उचललेले १५,००० वजा. देणं ८,१५,०००. इतके पैसे एकदम काढले तर फर्म आडवी व्हायची, म्हणून साधारणपणे काही चेकने आणि बाकी त्याच्या नावच्या कर्ज खात्यात टाकतात. इथे २,१५,००० लगेच आणि ६,००,००० तीन वार्षिक हप्त्यांत, ६ टक्के व्याजाने: २,३६,०००, मग २,२४,०००, मग २,१२,०००.

हिशोबच मिटवला नाही आणि त्याचे पैसे वापरून धंदा चालू ठेवला तर कलम ३७ येतं. वेगळा करार नसेल तर बापूला दोन पर्याय: आपल्या मालमत्तेच्या वापरातून आलेल्या नफ्यातला हिस्सा, किंवा आपल्या रकमेवर वर्षाला ६ टक्के. इंग्लिश कायद्याच्या कलम ४२ मध्ये हेच आहे, तिथे दर ५ टक्के. निवड बापूची. सहा महिने ८,१५,००० अडकले तर व्याज २४,४५०. फर्मच्या एकूण भांडवलाचे हे दोन-पंचमांश असतील आणि सहा महिन्यांचा नफा २,००,००० असेल तर हिस्सा ८०,०००, म्हणून शिकवण्यांमध्ये सरळ 'जास्त येईल ते घ्या' सांगतात. पण कलमाचे शब्द त्याच्या मालमत्तेच्या वापरातून आलेल्या नफ्याबद्दल आहेत, सगळ्या नफ्याबद्दल नाही, त्यामुळे चालवणाऱ्यांच्या मेहनतीचा मोबदला आधी वजा करावा हे वाचन जास्त पटतं. तो ६०,००० धरला तरी बापूचे ५६,००० होतात. डीडमध्ये उरलेल्यांना त्याचा हिस्सा विकत घेण्याचा पर्याय दिलेला असेल आणि त्यांनी तो नीट वापरला असेल तर मात्र हा नफ्याचा हक्क उरत नाही.

टॅक्सची बाजू वेगळी. निवृत्ती म्हणजे मालमत्तेचं हस्तांतरण की नाही यावर गुजरात आणि मुंबई हायकोर्टांची मतं जुळत नव्हती, सुप्रीम कोर्टाने हस्तांतरण नाही असं धरलं, आणि २०२१ च्या वित्त कायद्याने फर्मवरच्या कराचे नियम बदलले.

पैसे मिळाले म्हणून बापू सुटला असं नाही. निवृत्तीच्या आधीची फर्मची देणी त्याच्यावर राहतातच, धनकोने मान्य केलं तरच सुटतात, आणि नंतरच्या व्यवहारांसाठीही जाहीर नोटीस निघेपर्यंत त्याला धरता येतं, फक्त तो पार्टनर होता हेच ज्याला माहीत नव्हतं त्याला धरता येत नाही. नोंदणीकृत फर्म असेल तर रजिस्ट्रारकडे सूचना, राजपत्रात प्रसिद्धी आणि धंद्याच्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या पेपरात, असं कलम ७२ सांगतं. ही नोटीस निवृत्त होणारा स्वतःही काढू शकतो, दुसऱ्यांवर सोडून बसायची गरज नाही.