यमू घर सोडून का गेली नाही?

नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटाने या महिन्यात हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचायला घेतली आहे. अर्धी कादंबरी वाचून आलेल्या दोघीतिघींची तक्रार एकच होती. ही यमू इतकं सोसते कशाला, सरळ निघून का जात नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर फक्त कादंबरीत शोधलं तर हाती लागतो तो यमूचा सोशीक स्वभाव, आणि मग आपण तिच्यावरच वैतागतो. उत्तराचा मोठा भाग कादंबरीच्या बाहेर, 1884 ते 1893 या काळातल्या मुंबई-पुण्यात आहे. त्याबद्दल हे टिपण.

आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यात क्रमशः लिहिली. 1893 मध्ये ती पूर्ण झाली. (त्याच साली आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. कथेशी त्याचा संबंध नाही, पण वाचणारा मध्यमवर्ग तेव्हा कुठवर पोचला होता याचा अंदाज त्यावरून येतो.) कथा यमू स्वतः सांगते: पुण्यातल्या ब्राह्मण घरातलं बालपण, लवकर झालेलं लग्न, सासर, मग नवऱ्याबरोबर मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू, आणि सासरच्या घरात तिच्या मर्जीविरुद्ध झालेलं केशवपन. तिची मैत्रीण दुर्गी हिचं दुःख वेगळं आहे. तिचा नवरा जिवंत आहे आणि तीच तिची अडचण आहे.

दुर्गीपासून सुरुवात करू. तिने नवऱ्याला सोडलं असतं तर काय झालं असतं, हे त्या काळच्या वाचकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण रखमाबाईंचा खटला ताजा होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत, आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या. 1884 मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपील झालं, खटला फिरून आला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि पुढे त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या.

या हकिकतीत धैर्य तर आहेच, पण ते चालवायला काय काय लागलं तेही पाहा. सावत्र वडील मुंबईतले नामांकित डॉक्टर, खटल्याचा खर्च पेलणारं घर, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने पत्रं लिहिण्याइतकं शिक्षण, आणि पाठीशी उभी राहिलेली इंग्रज व देशी मंडळी. शिवाय रखमाबाईंची जात सुतार, जिथे पुनर्विवाहाला वाट होती. त्यांच्या आईनेच दुसरं लग्न केलं होतं. दुर्गीजवळ यातलं काय होतं? तेव्हा ती निघाली असती तरी नवरा कोर्टाचा कागद घेऊन मागे येऊ शकत होता. घटस्फोट तर कायद्यातच नव्हता. मुंबई प्रांतातल्या हिंदू स्त्रीला तो 1947 च्या कायद्याने मिळाला, म्हणजे कादंबरी पूर्ण झाल्यावर 54 वर्षांनी.

यमूचा प्रश्न विधवेचा. कागदावर पाहिलं तर इथे दार उघडं होतं, कारण विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. पण त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगतं की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. हक्क तरी केवढा? एकत्र कुटुंबात नवऱ्याचा हिस्सा त्याच्यामागे मुलगा नसेल तर उरलेल्या पुरुषांकडे जायचा, आणि विधवेला मिळायचं खाणं-पिणं आणि राहायला जागा. म्हणजे ज्यांच्या घरी तिने दोन वेळा जेवायचं तेच तिच्या डोक्यावर केस राहतील की नाही हे ठरवणार. केशवपनाकडे आपण क्रूर रूढी म्हणून पाहतो आणि तिथेच थांबतो. स्त्रीवादी वाचन इथे एक पाऊल पुढे टाकतं. सोवळी झालेली विधवा स्वयंपाकघरात चालते, देवाच्या कामाला चालते. तिला कुणी मागणी घालणार नाही, ती कुठे जाणार नाही. घराला आयुष्यभर बिनपगारी राबणारे दोन हात मिळतात. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींसारख्या माणसाला धर्माचा पुळका का येतो, याचा हिशेब या बाजूनेही मांडता येतो.

या वस्तऱ्याला विरोध झाला तो सुधारक मंडळींच्या दिवाणखान्यातच झाला असं नाही. 1890 मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि यापुढे विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. त्यांचा जन्म ठाण्याचा, 1848 मधला. एकाच साली एकीकडे ‘करमणूक’ सुरू होतं आणि दुसरीकडे वस्तरा ज्यांच्या हातात तेच तो खाली ठेवायला निघतात. कादंबरीत मात्र न्हावी येतो आणि आपलं काम करून जातो, त्याच्या मनात काय आहे याकडे कथेचं लक्ष नाही. मला ही उणीव बोचते. आपट्यांची नजर यमूच्या घराच्या आत जितकी तीक्ष्ण आहे, तितकी ती उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे वळत नाही.

यमूला प्रत्यक्षात कुठे जाता आलं असतं? या प्रश्नासाठी तिच्याशेजारी एक खरी बाई उभी करून पाहू. गोदूबाई जोशी, कोकणातल्या, बालविधवा. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत धोंडो केशव कर्व्यांच्या बिऱ्हाडी राहत होते. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि गोदूबाई तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं. कर्व्यांची पहिली बायको वारली आणि 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांच्या घराला वाळीत टाकलं. पुढे ‘माझे पुराण’मध्ये आनंदीबाईंनी हे सगळं फार मोकळ्या, खटकेबाज भाषेत सांगितलं आहे.

ही वाट एकेका टप्प्याने चालून पाहिली की तिची रुंदी कळते. मुंबईत राहणारा भाऊ हवा, त्याला बहिणीला घराबाहेर काढायची हिंमत हवी, सासरचा ताबा सैल हवा, नेमक्या त्याच वर्षी कुणा एका बाईने काढलेली शाळा हवी. यातली एक कडी निखळली की वाट संपते. यमूलाही दादा आहे, सुधारकी विचारांचा, तिच्यावर जीव असलेला. पण नवरा गेल्यावर ती सासरच्या ताब्यात जाते आणि दादाचं बळ तिथे अपुरं पडतं. शिवाय ज्या साली कादंबरी पुरी झाली त्याच 1893 मध्ये शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप पेटला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यामुळे पुण्यातल्या यमूला ‘जा, रमाबाईंकडे जा’ असं सांगणं म्हणजे जातीबाहेर जा असं सांगण्यासारखंच झालं होतं.

वादाचा भाग माझ्या मते वेगळाच आहे, तो म्हणजे मुंबईची प्रकरणं. बहुतेक वाचक तिथे सुटकेचा श्वास टाकतात. नवरा प्रेमळ आहे, तिला लिहायला-वाचायला शिकवतो, ती चार बायकांत मिसळते. माझंही तसंच झालं होतं. पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात येते: वाचायला शिकायचं हे ठरवतो रघुनाथराव, मुंबईला बिऱ्हाड करायचं हे ठरवतो रघुनाथराव, आणि तो जाताच हे सगळं तिच्या हातून एका दिवसात काढून घेतलं जातं. यात नवऱ्याचा दोष नाही. पण स्वातंत्र्य कुणाच्या तरी चांगुलपणावर उभं असेल तर ते त्या माणसाच्या आयुष्याइतकंच टिकतं, आणि कादंबरी हे सांगत असूनही बहुधा तिला ते म्हणायचं नसतं. आपट्यांना वाईट सासरच्या जागी चांगला नवरा हवा होता.

हा नमुना त्या पिढीत सगळीकडे दिसतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, त्या शिकल्या पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांच्या हट्टापायी. 1887 मध्ये त्या गेल्या. त्यांचं चरित्र लिहिलं काशीबाई कानिटकरांनी. त्याही लग्नानंतर, नवऱ्याला शिकलेली बायको हवी म्हणून अक्षरं गिरवू लागल्या, आणि पुढे आपट्यांच्या साहित्यिक मैत्रीण झाल्या. यमूचा आवाज इतका खरा वाटतो याचं श्रेय आपट्यांना द्यायलाच हवं. पण त्यांच्याभोवती लिहित्या बायका होत्या, हे विसरून ते देऊ नये.

ही कादंबरी दीर्घकाळ ‘करुण’ म्हणून शिकवली गेली. यमूबद्दल हळहळायचं आणि आपट्यांच्या वास्तववादाचं कौतुक करायचं, एवढ्यावर चर्चा संपे. ती बदलायला 1975 नंतरची स्त्री-चळवळ कारण झाली, आणि एक जुनी पुस्तिकाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली, ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या अनीतीवर जे लिहून आलं त्याने ताराबाई संतापल्या. ही पुस्तिका जवळजवळ विस्मरणात गेली होती. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ती पुन्हा छापली आणि वाचकांना एक नवी मोजपट्टी मिळाली. यमूच्या आठ वर्षं आधी लिहिणारी ताराबाई विनवत नाही. ती पुरुषांना थेट जाब विचारते, त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या लग्नांची यादी काढते, पुनर्विवाहाची बंदी वरच्या जातींनी मिरवण्यासाठी उचलली हेही सुनावते. ती स्वतः मराठा घरातली. यमूच्या अडचणीतला किती भाग बाई असण्याचा आणि किती ब्राह्मण घरातली बाई असण्याचा, हे आपट्यांच्या कादंबरीत कुणी विचारत नाही. पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची रीत असलेल्या कितीतरी जातींतल्या बायका त्याच पुण्यात, त्याच गल्ल्यांतून रोज कामाला जात होत्या, आणि यमूच्या खिडकीतून त्या दिसत नाहीत.